मदत हवी आहे: कॅश भरण्याचे २९५ रुपये आणि एटीएमचे २७.१४ रुपये कसे कापले गेले?

पंचवटीची_लेक

नमस्कार. आईचं पंचवटीत छोटं पोळीभाजी केंद्र आहे. दर सोमवारी ती आठवड्याची रोकड बँकेच्या मशीनमध्ये, बचत खात्यात भरते. काल पासबुक भरून आणलं तर जुलैच्या सुरुवातीला या ओळी दिसल्या:

```
01-07  CASH DEP CHG JUN        250.00 Dr
01-07  CGST                     22.50 Dr
01-07  SGST                     22.50 Dr
05-07  ATM TXN CHG INCL GST     27.14 Dr
```

आमच्या बँकेच्या दरपत्रकात महिन्याला ३ वेळा रोख भरणं मोफत, त्यापुढे प्रत्येक वेळी ५० रुपये अधिक जीएसटी असं लिहिलंय. शिवाय महिन्याला २ लाखांची मर्यादा आहे, पण तिच्या आसपासही आम्ही जात नाही. जूनमध्ये सोमवार पाच होते, म्हणजे जास्तीच्या दोन खेपांचे १०० रुपये व्हायला हवेत. २५० कुठून आले?

दुसरं, २८ तारखेला गॅस आणि किराण्याचे पैसे द्यायचे होते म्हणून आई ३०,००० काढायला गेली, २०,००० निघाले आणि पुढे मशीनने नकार दिला. कार्डाची रोजची मर्यादा २०,००० आहे. २७.१४ हा मर्यादा ओलांडल्याचा दंड आहे का? आई दोन दिवस अस्वस्थ आहे, "माझ्याच हातून काही चुकलं" म्हणते.

स्वप्नजा_इंदिरानगर

मशीनला चार्ज नसतो ताई, फक्त काउंटरवर भरलं तर असतो. माझ्या बँकेत तरी मी महिन्यातून आठ-दहा वेळा भरते, एक रुपया कापत नाहीत. तुमचं नक्की चुकून लागलंय, सरळ तक्रार करा. आणि ते २७ रुपये लिमिटच्या वर काढायला गेल्याचेच असणार, माझ्या भावालाही तसेच लागले होते.

सातपूर_मेडिकल

माझंही असंच झालंय. माझं चालू खातं आहे. मागच्या महिन्यातली सरासरी शिल्लक कमी झाली की या महिन्याची मोफत भरण्याची मर्यादाही खाली येते, आणि वरच्या रकमेवर हजारी चार्ज लागतो. मार्चएंडला कंपन्यांची पेमेंटं केली, खातं रिकामं झालं, एप्रिलला दणका बसला. सरासरी शिल्लक बघा आधी.

निवृत्त_रोखपाल

सातपूरचे दादा, तुमचं बरोबर आहे, पण ते चालू खात्याचं. इथे बचत खातं आहे आणि मोजणी खेपांची आहे. स्वप्नजाताई, मशीन मोफत की नाही हे ज्या त्या बँकेचं दरपत्रक ठरवतं. बऱ्याच बँका मशीन आणि काउंटर मिळून एकच मोजणी करतात.

२५० भागिले ५० म्हणजे ५. बँकेने पाच जास्तीचे व्यवहार धरलेत, अधिक तीन मोफत, म्हणजे जूनमध्ये एकूण आठ जमा नोंदी असल्या पाहिजेत. आई बँकेत किती वेळा गेली हे संगणकाला कळत नाही. तो जमा झालेल्या ओळी मोजतो. पासबुकात जूनच्या रोख जमेच्या ओळी मोजा आणि तारीखवार इथे टाका. जीएसटी बरोबर आहे, २५० वर १८ टक्के म्हणजे ४५, आणि राज्यातल्या राज्यात असल्यामुळे तो ९-९ असा दोन ओळींत पडतो.

पंचवटीची_लेक

काका, खरंच आठ ओळी आहेत!

२ जून: २२,०००
९ जून: २०,००० आणि ६,०००
१६ जून: १९,५००
२३ जून: १७,००० आणि १,५००
३० जून: २०,००० आणि ४,५००

आईला विचारलं. ९ तारखेला सगळ्या शंभराच्या नोटा होत्या, २६० नोटा. मशीन एका वेळी २०० च घेतं, म्हणून उरलेल्या ६० परत घातल्या. ३० तारखेलाही तसंच. २३ ला पाचशेच्या तीन नोटा मशीनने परत दिल्या, कोपरे दुमडलेले होते. आईने तिथेच ओट्यावर ठेवून तळहाताने सपाट केल्या आणि पुन्हा टाकल्या. म्हणजे त्या १,५०० रुपयांना ५९ रुपये पडले?

निवृत्त_रोखपाल

हो, तसंच झालं. नोटा परत आल्या की मशीन विचारतं, घेतलेल्या नोटा जमा करायच्या की सगळं रद्द करायचं. आईंनी जमा केलं, पहिला व्यवहार तिथे संपला. त्याच वेळी रद्द करून सगळं बंडल घेऊन नोटा नीट लावून पुन्हा घातल्या असत्या तर एकच ओळ पडली असती. शंभराच्या नोटा २०० पेक्षा जास्त असतील तर काउंटरची एक चिठ्ठी भरायची. तिथे कितीही नोटा असल्या तरी जमा एकच. काही बँका मोठ्या प्रमाणावर सुट्या नोटा मोजण्याचा वेगळा आकार घेतात, तेवढं आधी विचारून घ्या.

आता २७.१४. हा आकडा मी डोळे मिटून ओळखतो, २३ अधिक १८ टक्के. रिझर्व्ह बँकेने १ मे २०२५ पासून मोफत व्यवहार संपल्यावरचा एटीएमचा कमाल आकार २३ रुपये केला, त्याआधी २१ होता. मर्यादेच्या वर मागितलं की मशीन फक्त नाही म्हणतं, त्याला दंड नसतो. खात्यात पैसेच नसताना काढायला गेलं तर मात्र काही बँका आकार लावतात, स्वप्नजाताईंच्या भावाचं तसं असू शकेल. आईंनी दुसऱ्या बँकेचं मशीन वापरलं का?

पंचवटीची_लेक

हो, केंद्राशेजारचं. ते एका वेळी दहा हजारच देतं. आईने जूनमध्ये ७ आणि २१ ला एकेकदा पैसे काढले, १४ आणि २१ ला शिल्लक पाहिली, आणि २८ ला दोनदा दहा-दहा हजार.

निवृत्त_रोखपाल

सापडलं. नाशिक महानगरांच्या यादीत नाही, त्यामुळे दुसऱ्या बँकेच्या मशीनवर महिन्याला पाच व्यवहार मोफत. मुंबईत तीनच मिळतात. त्या पाचांत शिल्लक पाहणंही धरलं जातं. २१ पर्यंत चार झाले, २८ ला पहिले दहा हजार पाचवा, दुसरे दहा हजार सहावा. तोच तो. शिल्लक स्वतःच्या बँकेच्या मशीनवर किंवा मिस्ड कॉलवर पाहिली असती तर काहीच लागलं नसतं. आणि तीस हजार एकदम हवे असतील तर आपल्या शाखेत चेक किंवा पैसे काढायची चिठ्ठी द्यायची, कार्डाची मर्यादा तिथे लागत नाही.

एक मात्र सांगतो. धंद्याची रोकड बचत खात्यात भरणं बँकेला चालत नाही, कधी ना कधी विचारतील. गिऱ्हाईक क्यूआर कोडने पैसे देतं ती रक्कम रोख जमेत मोजली जात नाही, तरी चालू खात्याचं दरपत्रक एकदा मागून बघा.

सातपूर_मेडिकल

काका, चालू खातं घेतलं की शिल्लक राखायला लागते हो. छोट्या पोळीभाजीवाल्याला ते जड जातं. मी तर सांगेन, आधी दोन्ही खर्च मांडून बघा.

पंचवटीची_लेक

आज शाखेत गेले होते. आई सोबत होती. २३ तारखेच्या ५९ रुपयांबद्दल अर्ज दिला, मशीनने नोटा परत केल्याची स्लिपही जोडली. अधिकारी म्हणाले, नियमाप्रमाणे तो वेगळा व्यवहार आहे, पण वर पाठवतो. ३० दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर cms.rbi.org.in वर तक्रार करता येते असं काउंटरवरच्या बाईंनी सांगितलं. काका, एवढ्या रकमेसाठी तिथपर्यंत जावं का?

निवृत्त_रोखपाल

आधी बँकेचं लेखी उत्तर येऊ द्या. त्यात दरपत्रकाचा कोणता नियम लिहितात ते बघू. मशीनवर "पुन्हा टाकल्यास वेगळा व्यवहार" असं कुठे लिहिलंय का, त्या पाटीचा फोटोही पुढच्या सोमवारी काढून ठेवा.