मागच्या गेटचं कुलूप: संध्याकाळी सात वाजता

बी-304: शेजारच्यांनी मागच्या रस्त्याला कुलूप ठोकलंय. रस्ता आपल्या नकाशात आहे. सात-आठ जण चला, पहार घेऊन तोडून टाकू.

ए-101 (वकीलताई): थांबा. पाच किंवा जास्त माणसं कुलूप फोडायला जमली की भारतीय न्याय संहितेच्या कलम 189 प्रमाणे तो बेकायदेशीर जमाव होतो. मालमत्तेचं नुकसान हे त्यातलं एक उद्दिष्ट आहे. रस्ता आपलाच असला तरी सुटका नाही. हक्क, मग तो खरा असो वा मानलेला, माणसावर बळ वापरून किंवा बळाचा धाक दाखवून बजावणं हेही त्याच कलमात आहे.

सी-202: मी नुसता मागे उभा राहीन ताई. हात लावणार नाही.

ए-101: काका, समजा त्यांचा वॉचमन आडवा आला आणि आपल्यातल्या एकाने पहारीने त्याचा हात मोडला. कुलूप फोडायच्या ओघात बळ वापरलं गेलं, म्हणजे दंगा झाला. कलम 191 प्रमाणे तो जमावातल्या प्रत्येकाचा, शिक्षा दोन वर्षांपर्यंत. ज्याच्या हाती प्राणघातक हत्यार, त्याला पाच वर्षांपर्यंत. वर कलम 190 आहे. मोडलेला हात हा समान उद्दिष्टासाठी केलेला गुन्हा ठरला, किंवा असं घडण्याची शक्यता तुम्हाला माहीत होती असं दिसलं, तर तोही तुमच्या नावावर लागतो. पहार सगळ्यांना दिसत होती, वॉचमन असतो हेही ठाऊक होतं.

बी-304: आणि कुणी लपवलेला चाकू काढला तर?

ए-101: तिथे इतरांना माहीत नव्हतं असं म्हणायला जागा आहे. कोर्ट जमावाचा स्वभाव, हत्यारं आणि वागणं पाहून उद्दिष्ट ठरवतं.

डी-401: गॅलरीतून बघणारे पण अडकतात का? 😟

ए-101: नाही. उद्दिष्टात सामील नसलेला बघ्या सदस्य होत नाही. 1964 च्या मसलती खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच पाहिलं. सदस्य असल्याचं सिद्ध झालं, की त्याने स्वतः काही केलं हे दाखवावं लागत नाही. मोठ्या गर्दीत मात्र दोन-तीन साक्षीदारांचं सुसंगत म्हणणं बघावं असंही त्यात म्हटलंय. फक्त इथे ‘मी येतोय’ लिहून खाली उतरलेला माणूस बघ्या होता हे पटवणं जड जाईल.

सी-202: मग चौघंच जाऊ!

ए-101: 189 लागणार नाही, पण कलम 3(5) चा समान इरादा चौघांनाही लागू होतो. तिथे ठरवून केलेलं असावं लागतं, आणि ठरवाठरवी तर आपण इथेच करतोय.

ई-103: मी दहा मिनिटांपूर्वी ‘हो’ लिहिलंय. आता काय?

ए-101: नुसत्या ‘हो’ने जमाव होत नाही. पण गेटपाशी पोचल्यावर पहार दिसली आणि तरी थांबलात, तर सगळं माहीत असून जमावात राहिलात असं धरतात. तिथूनच परत फिरा, आणि येत नाही हे आत्ताच लिहा.

ई-103: मी येत नाहीये.

सी-202: मीही नाही.

बी-304: बरं. नकाशा आणि कुलपाचे फोटो पाठवतो. मनाईसाठी दिवाणी कोर्टात काय काय लागेल ताई?

ए-101: फोटो तारीख-वेळेसकट पाठवा. सेक्रेटरींना म्हणावं, मंजूर आराखड्याची प्रत काढा.