मदत हवी आहे: लेकीच्या काखेत मोत्यासारखे फोड, मोलस्कम

माझ्या पाच वर्षांच्या लेकीच्या काखेत आणि बरगडीवर मोत्यासारखे चकचकीत फोड आलेत, प्रत्येकाच्या मधोमध बारीक खळगा. आधी तीन होते, खाजवून खाजवून आता अकरा झालेत. त्वचेच्या डॉक्टरांनी मोलस्कम सांगितलं. विषाणूमुळे होतं, बहुतेक मुलांचं सहा ते अठरा महिन्यांत आपोआप जातं, म्हणून थांबा म्हणाले. सासूबाई म्हणतात, चामखीळच आहे, चुना लावा! तो मी लावणार नाही.

टॉवेल वेगळा केलाय, धाकट्यासोबतची एकत्र आंघोळ बंद केली, फोड कपड्याखाली झाकते. शाळा चालू आहे, डॉक्टरांची हरकत नाही.

कालपासून एक फोड लाल होऊन सुजलाय. बरा होताना असं होतं म्हणे, पण पू झाला हे कसं ओळखायचं? आणि कुणी मुलांचे फोड खरवडून काढून घेतलेत का? दुखलं का, डाग राहिले का?