‘काना यज्लिसु’ : बसत होता, बसायचा की बसला होता?

तळटीप
अरबीच्या वर्गात इंग्रजीत उतरवायला एक छोटा उतारा मिळाला आहे. सगळी अडचण ‘काना’ने केली आहे. उतारा असा:

काना अल-हारिसु यज्लिसु अमाम अल-बाबि कुल्ल मसाइन, यश्रबु अश-शाय व यस्तमिउ इला अर-राद्यो. व फी तिल्क अल-लैलति काना यश्रबु अश-शाय हीन समिअ सर्ख़तन. काना यअरिफु साहिब अस-सौत. व काना यअमलु हुनाक मुन्धु अश्रि सनवात.

म्हणजे पहारेकरी, दार, रोजची संध्याकाळ, चहा, रेडिओ. मग त्या रात्री किंकाळी. आवाज कोणाचा ते, आणि शेवटी दहा वर्षांची नोकरी. चारही वाक्यांत ‘काना’ आणि त्यापुढे वर्तमानकाळी क्रियापद. मी सगळीकडे ‘वॉज’ लावून ‘आयएनजी’ जोडलं, तर कागद लाल होऊन परत आला. का ते कोणी सांगेल?

लिंबूटिंबू
सोपं आहे हो. ‘काना’ म्हणजे ‘होता’. यश्रबु म्हणजे ‘पितो’. दोन्ही जोडले की ‘पीत होता’, इंग्रजीत ‘वॉज ड्रिंकिंग’. ‘काना’ फक्त वर्तमानाला भूतकाळात ढकलतो, बाकी काही करत नाही. तुमच्या बाई उगाच कडक दिसतात.

खाडीपार
मी कुवेतला चौदा वर्षं आहे. इथे ‘इन कान’ म्हणजे ‘जर’. ‘इन कान तबी’, म्हणजे हवं असेल तर. मग उताऱ्यात ‘जर पहारेकरी बसला तर’ असं काही आहे का?

दौत
खाडीपार, ते ‘काना’ याच घरातलं, पण त्याच्यापुढे ‘इन’ आहे म्हणून ‘जर’ झालं. उताऱ्यात ‘इन’ नाही.

लिंबूटिंबूंचं अर्धं बरोबर आहे. ‘काना’ काळ मागे नेतो, हे खरं. पण यश्रबु या रूपाचा अर्थ ‘या क्षणी पितोय’ एवढाच नाही. अरबीत ‘यश्रबु अश-शाय’ म्हणजे ‘चहा पितोय’ आणि ‘चहा पितो’, म्हणजे त्याला चहा चालतो, दोन्ही. हे दुहेरीपण ‘काना’सोबत जसंच्या तसं मागे जातं. इंग्रजीत मात्र दोन्हींचे रस्ते वेगळे, ‘वॉज ड्रिंकिंग’ आणि ‘यूज्ड टू ड्रिंक’. त्यामुळे इंग्रजीत लिहिणाऱ्याला निवड करावीच लागते. अरबीत लिहिणाऱ्याला ती करावी लागली नव्हती.

मराठी माणसाला हे खरं तर लवकर कळायला हवं. ‘तो चहा पीत होता’ हे आपणही दोन्ही अर्थांनी म्हणतो. ‘मी गेलो तेव्हा पीत होता’ आणि ‘डॉक्टरांनी बंद करेपर्यंत पीत होता’. नक्की सवयच सांगायची असली की ‘प्यायचा’ म्हणतो, आणि गोष्ट सांगताना ‘पीत असे’. शाळेच्या व्याकरणात याला रीतिभूतकाळ म्हणत, आता बोलण्यातून तो जवळजवळ गेलाच.

आता उतारा. पहिल्या वाक्यात ‘कुल्ल मसाइन’ आहे, दर संध्याकाळी. म्हणून सवय, ‘यूज्ड टू सिट’. दुसऱ्यात ‘फी तिल्क अल-लैलति’, त्या रात्री, आणि पुढे ‘हीन समिअ’, ऐकलं तेव्हा. एक लांब क्रिया चालू आहे आणि मध्येच एक छोटी घटना घुसते. तिथे ‘वॉज ड्रिंकिंग’. तोच काना, तोच यश्रबु, पण शेजारी बदलले.

तळटीप
मग पहिल्या वाक्यातल्या ‘यश्रबु’ आणि ‘यस्तमिउ’ला ‘काना’ नाहीच, त्यांचं काय? मी तिथे ‘ड्रिंक्स’ आणि ‘लिसन्स’ लिहिलं.

दौत
लाल शाई तिथूनच सुरू झाली असणार. ‘काना’ एकदा आला की पुढची क्रियापदं त्याच्याच छत्रीखाली चालतात, प्रत्येकाला वेगळी छत्री देत नाहीत. म्हणून ‘यूज्ड टू सिट’नंतर ‘वुड ड्रिंक’ आणि ‘वुड लिसन’ लिही. इंग्रजीत ‘यूज्ड टू’ तीनदा आलं की कानाला खुपतं. एकदा काळ ठरवून दिला की पुढे ‘वुड’ निभावून नेतं.

छत्री कुठे मिटते ते बघायचं. ‘समिअ’ हे सरळ भूतकाळी रूप आलं की घटना सुरू झाली. तिथून पुढे पुन्हा पार्श्वभूमी सांगायची तर लेखक पुन्हा ‘व काना’ म्हणतो. तुझ्या उताऱ्यात बरोबर तसंच आहे.

लिंबूटिंबू
ठीक. पण ‘यज्लिसु’ म्हणजे बसणं. संध्याकाळी तिथे बसलेला आहे, मग ‘वॉज सिटिंग’ का नाही?

दौत
मजा इथेच आहे. मराठीत ‘बसत होता’ आणि ‘बसला होता’ यांत फरक आहे ना? ‘पहारेकरी दारात बसला होता’ म्हणजे बूड टेकलेलं आहे. ‘बसत होता’ म्हणजे एकतर बसायच्या बेतात, नाहीतर रोजचा बसणारा. अरबीलाही बूड टेकलेलं दाखवायचं असलं की ती ‘काना जालिसन’ म्हणते, विशेषण वापरून. इंग्रजीच्या ‘वॉज सिटिंग’ला आपलं ‘बसला होता’ आणि अरबीचं ‘काना जालिसन’ जवळचं. म्हणून निव्वळ ‘काना यज्लिसु’ दिसलं की मी आधी सवयीकडे बघतो.

कसबा
एवढं पक्कं धरू नका, दौतभाई. आजकालच्या अरबी बातम्यांत ‘काना यज्लिसु फी सय्यारतिहि’ सर्रास येतं आणि अर्थ ‘गाडीत बसला होता’ असाच असतो. जुन्या गद्यात तुमचं म्हणणं जास्त चालेल.

दौत
मान्य. ‘आधी बघतो’ म्हटलं, ‘थांबतो’ नाही म्हटलं.

तळटीप
तिसरं वाक्य? ‘काना यअरिफु’. ‘वॉज नोइंग’ लिहिलं होतं, ते मलाही विचित्रच वाटलं.

दौत
जाणणं, हवं असणं, आवडणं ही चालू-बंद होणारी कामं नाहीत. इंग्रजी त्यांना ‘आयएनजी’ लावू देत नाही. त्यामुळे इथे ‘काना’चं वेगळं भाषांतरच होत नाही, साधं ‘न्यू’. ‘ही न्यू हूज व्हॉइस इट वॉज.’ ‘वुड नो’ तर अजिबात नको, ते ‘त्याला माहीत असेल’ असा अंदाज होऊन बसतं.

उलट बाजूनेही बघ. लेखकाने ‘काना’ काढून नुसतं ‘अरफ साहिब अस-सौत’ लिहिलं असतं, तर ‘आवाज ओळखला’, त्या क्षणी. ‘रेकग्नाइज्ड’. ‘काना यअरिफु’मध्ये आवाज ओळखीचा आधीपासूनच आहे. आपल्याकडे ‘ओळखलं’ आणि ‘ओळखत होता’ यांत जेवढं अंतर, तेवढंच. आणि गोष्टीत या अंतराने फरक पडतो, कारण पहारेकऱ्याला तो माणूस आधीच ठाऊक होता का, हे यावरच ठरतं.

खाडीपार
आता माझी गोष्ट सांगतो, ‘जर’वाली नाही. मागे एका कंपनीत होतो. तिथे मला ताकीदपत्र मिळालं, वर अरबी आणि खाली इंग्रजी. इंग्रजीत ‘वॉज कमिंग लेट’. मी म्हटलं, एक दिवस उशीर झाला, त्यात काय एवढं. सही केली. नंतर इराकी सहकाऱ्याने वरचं वाचून दाखवलं, ‘काना यतअख़्ख़रु अन अद-दवाम’. तो म्हणाला, अरे, यात तू नेहमीच उशिरा यायचास असं आहे. तो स्वतः ‘काना’ला ‘चान’ म्हणतो, ‘चान यिश्रब’. मला वाटायचं वेगळाच शब्द आहे.

दौत
‘चान’ तोच आहे, इराकी तोंडातला. आणि तुमच्या पत्रात चूक नुसती इंग्रजीची नाही. अरबीतही ‘कुल्ल यौम’ किंवा ‘दाइमन’ असं काही नव्हतं ना? मग ते वाक्य खरंच दोन्हींकडे झुकतं. संदर्भ ताकीदपत्राचा, म्हणून वाचणारा सवय धरतो. भाषांतर करणाऱ्याने तारखा विचारायला हव्या होत्या.

खाडीपार
तारखा नव्हत्या. आता सांगून उपयोग नाही म्हणा.

कसबा
हा वाद जुना आहे. लहानपणी मदरशात शिकलो ते सांगतो. हदीसमध्ये ‘काना यफअलु’ आलं की ते काम पैगंबर नेहमी करत असत का, यावर उसूलवाले, म्हणजे धर्मशास्त्राचे नियम कसे काढायचे ते ठरवणारे पंडित, भांडले आहेत. तेराव्या शतकातले इमाम नववी स्पष्ट म्हणतात की ‘काना’मधून नेहमी किंवा वारंवार असा अर्थ निघतोच असं नाही. पुरावा आयशांच्याच शब्दांचा. ‘कुन्तु उतय्यिबु’, हजमध्ये तवाफच्या, म्हणजे काबाभोवतीच्या फेऱ्यांच्या आधी मी पैगंबरांना सुगंध लावत होते. आणि आयशांशी विवाह झाल्यानंतर पैगंबरांनी हज केला एकदाच, 632 साली. उमऱ्यातलं, म्हणजे मक्केच्या छोट्या यात्रेतलं असेल म्हणावं, तर उमऱ्यात तवाफच्या आधी सुगंध चालत नाही. म्हणजे क्रिया एकदाच झाली आणि रूप मात्र ‘काना’चं.

तरी कित्येक इंग्रजी भाषांतरांत तिथे ‘यूज्ड टू’ सापडतं. हिशोबच बसत नाही.

लिंबूटिंबू
हे मात्र भारी. मग ‘यूज्ड टू’ सरळ वर्ज्य करायचं का?

कसबा
वर्ज्य नाही. ‘कुल्ल’ वगैरे असेल तर बिनधास्त लिहा.

दौत
‘यूज्ड टू’ची आणखी एक खोड आहे. त्यात ‘आता नाही’ असा वास येतो. ‘ही यूज्ड टू लिव्ह विथ हिज अंकल’ म्हटलं की काकांचं घर सुटलं, असं ऐकणारा धरतो. अरबी ‘काना युकीमु’ तेवढं बोलत नाही, तो आजही तिथेच राहत असेल. कोर्टाच्या जबाबात मी ‘वॉज लिव्हिंग’ लिहितो आणि शंका असेल तर विचारतो.

तळटीप
चौथं राहिलं. ‘मुन्धु अश्रि सनवात’. मी ‘वॉज वर्किंग देअर सिन्स टेन इयर्स’ लिहिलं होतं.

दौत
हा आपला देशी दोष, अरबीचा नाही. ‘दहा वर्षांपासून काम करत होता’ हे मराठीत चोख आहे, अरबीतही चोख आहे, म्हणून ते तसंच इंग्रजीत उतरतं. इंग्रजीला मात्र किंकाळीच्या क्षणापर्यंत मोजलेली वर्षं हवीत, म्हणून ‘हॅड बीन वर्किंग देअर फॉर टेन इयर्स’. इथे ‘यूज्ड टू’ बसतच नाही, मोजलेला काळ आणि ‘यूज्ड टू’ एकत्र नांदत नाहीत.

गंमत बघ, अरबीत ‘काना’ आणि ‘कद’ मिळून जे होतं, ‘काना कद शरिब’, म्हणजे ‘प्यायला होता’, तिथे इंग्रजी ‘हॅड’ सगळे आठवणीने लावतात. ‘मुन्धु’ने आलेला ‘हॅड’ मात्र सुटतो, कारण अरबी रूपावर तो दिसतच नाही.

तळटीप
म्हणजे चार ‘काना’, आणि इंग्रजीत ‘यूज्ड टू सिट’, ‘वॉज ड्रिंकिंग’, ‘न्यू’, ‘हॅड बीन वर्किंग’. बाईंना दाखवते. आमचे एक सीरियन शिक्षक बोलताना ‘कान अम यिश्रब’ म्हणतात, तो ‘अम’ कुठून आला?

कसबा
शामकडच्या, म्हणजे सीरिया-लेबनॉनकडच्या बोलीत ‘अम’ लावला की त्या क्षणी चालू, ‘पीत होता’. नुसतं ‘कान यिश्रब’ म्हणजे ‘प्यायचा’. जे लिहिताना शेजाऱ्यांवरून ओळखावं लागतं, ते बोलताना त्यांनी वेगळं करून टाकलं. मिसरवाले, म्हणजे इजिप्तचे लोक, ‘कान बियिश्रब’ म्हणून दोन्ही एकाच डब्यात ठेवतात.

लिंबूटिंबू
आणि ‘नव्हता पीत’? ‘लम यकुन यश्रबु’ म्हणजे ‘वॉजन्ट ड्रिंकिंग’ की ‘डिडन्ट ड्रिंक’?

दौत
त्यासाठी वाक्य आणा, एकटा शब्द नको.