शब्दचर्चा: ‘स्थिर’ सिस्टिम म्हणजे नेमकं काय स्थिर?

धंतोलीकर: दोन पोरांना मराठीतून सिग्नल्स शिकवतोय. y[n] = y[n-1] + x[n] दिलं आणि विचारलं की स्टेबल आहे का, मी स्टेबलला ‘स्थिर’ म्हणतो, तर दोघंही लगेच हो म्हणाले, कारण काय तर समीकरणातले आकडे बदलत नाहीत. उत्तर चूक आहे, पण मला वाटतं शब्दानंच फसवलं त्यांना. दुसरा कोणता वापरता?

महालवाला: काहून चूक भाऊ? सहगुणक फिक्स आहेत, सिस्टिम आज जशी तशी उद्या, मग स्थिरच झाली ना. लिनियर पण आहे.

कूलर२२०: आमच्या घरी स्टॅबिलायझर आहे, मे महिन्यात लाइन कितीही खालीवर झाली तरी बाहेर व्होल्टेज जवळपास तेवढंच. तेच असेल न हे?

जुनी इलेक्ट्रॉनिक्सवाली: नाही दादा, स्टॅबिलायझर आउटपुट एका जागी धरून ठेवतो, इथं आउटपुट हललं तरी चालतं, फक्त इनपुट हद्दीत असेल तर तेही हद्दीत राहिलं पाहिजे. आणि महालवाले, तुम्ही सांगितलं ते टाइम-इन्व्हेरियंट, ते बरोबरच आहे पण प्रश्न तो नव्हता. शून्यापासून सुरू करून x मध्ये सतत 1 टाका, y येतो 1, 2, 3, 4 आणि वाढतच जातो, इनपुट कधी 1 च्या वर गेलंच नाही. आता y[n-1] ला 0.9 ने गुणा: 1, 1.9, 2.71, असं करत 10 कडे जातं पण ओलांडत नाही, ही स्टेबल. 1.1 घेतलं की 1, 2.1, 3.31 आणि पुढे सुसाट. तिन्हीत सहगुणक फिक्सच आहेत बघा.

लिनियरचं पण ‘शून्यापासून सुरू’ धरलं तरच. y[-1] = 5 ठेवलं तर x शून्य असतानाही पहिल्या समीकरणातून 5 बाहेर येत राहतो, आणि लिनियर सिस्टिमला काहीच दिलं नाही तर काहीच यायला नको.

महालवाला: मानलं. म्हणजे 1.1 वाली कधीच स्टेबल नाही.

जुनी इलेक्ट्रॉनिक्सवाली: पुढच्या दिशेनं चालवली तर नाही. पण तेच समीकरण उलटं मांडा, y[n-1] = (y[n] - x[n])/1.1, आता दर पायरीला 1.1 ने भागतोय म्हणून आटोक्यात राहतं, फक्त आजच्या उत्तराला उद्याचं इनपुट लागतं, म्हणजे कॉजल राहिली नाही. आधीच रेकॉर्ड केलेल्या डेटावर हे चालतं, लाइव्ह नाही. म्हणून नुसतं समीकरण बघून कॉजल की स्टेबल सांगता येत नाही, ते कुठून सुरू करून कुठल्या दिशेनं सोडवायचं तेही लागतं. 1 वाली मात्र दोन्हीकडून अनस्टेबलच.

धंतोलीकर: मग ‘आटोक्यातली’ म्हणू का? पोरांना पटेल.

जुनी इलेक्ट्रॉनिक्सवाली: मला नाही पटत, पुढे कंट्रोलेबल शिकतील तेव्हा तोच शब्द तिथं डोक्यात येईल. ‘हद्दीत राहणारी’ बरं.

महालवाला: पेपरात ‘स्थिर’च छापून येईल पण.