उपशीर्षकांची एक फाईल की दोन, आणि ‘साठ्यांनी’चे काय करावे?

कसबेकर: तांबट आळीतील दोन कारागिरांची चाळीस मिनिटांची मुलाखत आहे. मराठी व इंग्रजी उपशीर्षके एकाखाली एक द्यावीत की दोन फाइली कराव्यात? आडनावे जागोजागी वेगळी उमटली आहेत, ती सारखी कशी करावीत?

पेठेतला: एकाखाली एकच द्यावीत, म्हणजे मराठी आजोबा आणि इंग्रजी माध्यमातील नात यांना एकच चित्रफीत पाहता येते. नावांची चिंता शेवटी करावी. ‘शोधा आणि बदला’ वापरले की पाच मिनिटांचे काम आहे.

ओळमोजणी: पहिल्या मुद्द्यात तथ्य आहे, पण दोन्ही भाषांच्या दोन-दोन ओळी लावल्या तर चार ओळी होऊन तांब्यावर ठोके घालणारे हातच झाकले जातील. शिवाय मराठीत क्रियापद शेवटी येते, त्यामुळे वाक्य दोन तुकड्यांत तोडले की इंग्रजीतील ‘gave’ पहिल्या तुकड्यात आणि ‘दिला’ दुसऱ्या तुकड्यात पडते. म्हणून मी दोन फाइली करतो आणि प्रत्येक भाषेचे तुकडे तिच्या वाक्यरचनेप्रमाणे पाडतो.

‘शोधा आणि बदला’ मात्र मराठीत फसते, कारण ‘साठे’ शोधल्यावर ‘साठ्यांनी’ सापडत नाही आणि ‘गोखले’ शोधल्यावर ‘गोखल्यांचा’ निसटतो. यातूनच इंग्रजी करणारा ‘साठ्यांनी’ ऐकून Sathye लिहितो, आणि ते तर वेगळेच आडनाव आहे. मी आधी नावांचा तक्ता करतो: मूळ रूप, विभक्तीपूर्वीचे रूप, इंग्रजी स्पेलिंग. मग ‘साठ्य’ आणि ‘गोखल्य’ असे शोधून एकेक जागा डोळ्यांनी तपासतो.

```
00:03:12,400 --> 00:03:15,900
[साठे] गोखल्यांनी साचा दिला,
पण पैसे घेतले नाहीत.

00:03:12,400 --> 00:03:15,900
[Sathe] Gokhale gave us the mould
but took no money.
```

वक्त्याच्या नावापुढे अपूर्णविराम देऊ नये, कारण ‘साठे:’ हे पडद्यावर विसर्गासारखे दिसते. चौकटी कंस बरा, आणि तोही वक्ता बदलेल तेव्हाच.

लग्नघरचा: माझ्या मुलीच्या लग्नाच्या चित्रफितीत खालच्या पट्टीवर व्याह्यांचे आडनाव चुकले होते आणि वर्ष झाले तरी तो विषय निघतो. तुम्ही पट्टी नंतर बदलू शकता ना?

कसबेकर: पट्टी वेगळी, हा प्रश्न उपशीर्षकांचा आहे. पण गोखले स्वतःचे नाव Gokhaley असे लिहितात. तक्त्यात काय ठेवावे?

ओळमोजणी: माणसाच्या नावाचे स्पेलिंग त्याचे स्वतःचे, त्याच्याकडून कागदावर लिहून घ्यावे आणि वरच्या नमुन्यातही तसेच बदलावे. जागेला असा मालक नसतो. Tambat Ali लिहिले की परका वाचक ‘अली’ वाचतो, म्हणून मी Aali लिहितो.

पेठेतला: नकाशात Ali असेल तर पाहुणा जागा शोधणार कशी? इथे मला तुमचे पटत नाही.