‘फॅक्ट टेबल’ला ‘तथ्य सारणी’ म्हणावे का?

शब्दवेडी:
विक्रीच्या अहवालांसाठी स्टार स्कीमा कसा रचायचा, म्हणजे मधे मोजलेल्या आकड्यांचे फॅक्ट टेबल आणि भोवती वस्तू, ग्राहक, तारीख यांच्या वर्णनाची डायमेन्शन टेबले कशी मांडायची, यावरच्या एका प्रशिक्षण टिपणाचा मराठी अनुवाद हातात आहे. जुन्या मसुद्यात फॅक्ट टेबलला ‘तथ्य सारणी’ आणि डायमेन्शन टेबलला ‘परिमाण सारणी’ असे शब्द होते. मसुदा वाचणाऱ्या दोघांनी सरावात विकलेले नग आणि रक्कम परिमाण सारणीत टाकली, कारण परिमाण म्हणजे मोजलेली राशी. वस्तूचा रंग, गट आणि उत्पादक तथ्य सारणीत टाकले, कारण ती वस्तूबद्दलची तथ्ये. मराठी म्हणून दोघांनी शब्द बरोबर वाचले, पण स्कीमा नेमका उलटा झाला. दुसरे शब्द सुचवाल का?

मूळधातू:
वाचणाऱ्यांचा दोष नाहीच. लॅटिन ‘फाक्टुम’ म्हणजे केलेले, घडलेले. ‘तथ्य’ म्हटले की खरे-खोटे मनात येते, घडणे येत नाही. म्हणून ‘घटित सारणी’ म्हणा. डायमेन्शनला ‘मिती’ आहेच, ‘त्रिमितीय’ आपण शाळेपासून वापरतो. शिवाय जुन्या पत्रांच्या माथ्यावर मिती म्हणजे तिथी लिहिलेली असते, आणि विक्रीच्या स्कीमात तारखेची मिती तर असतेच असते!

रकानेओळी:
‘घटित सारणी’ म्हटले तर आमच्या टीममध्ये कोणालाच कळणार नाही. फॅक्ट आणि डायमेन्शनच ठेवा, सगळे तेच बोलतात. टिपणात एक साधा नियम घाला: आकडे फॅक्टमध्ये, शब्द डायमेन्शनमध्ये. गोंधळच उरणार नाही.

मूळधातू:
सगळे बोलतात म्हणून मराठीने प्रयत्नच सोडायचा, हे मला मान्य नाही. ‘संगणक’ हा शब्दही कोणीतरी आधी लिहिला तेव्हाच रुळला.

गोदामपाल:
शब्दांवर नंतर येतो. आधी रकानेओळींच्या नियमाबद्दल, कारण तो टिपणात गेला तर लोक त्यावर स्कीमे बांधतील. नियम बऱ्याचदा लागू पडतो, पण दोन्ही बाजूंनी फुटतो. वस्तूचे वजन आकडा आहे, तरी ते वस्तूच्या डायमेन्शनमध्ये शोभते, कारण त्याची बेरीज कोणी मागत नाही. ‘पाच किलोवरच्या वस्तूंची विक्री दाखवा’ असे मागतात. उलट ऑर्डर क्रमांक ही नुसती खूणगाठ, पण तिच्याबद्दल आणखी सांगण्यासारखे काही उरलेले नसते, म्हणून तिला स्वतंत्र टेबल न देता फॅक्टमध्येच ठेवतात. रकाना कुठे जायचा हे विचारताना मी एवढेच बघतो: याची बेरीज करणार, की यावरून गट पाडणार?

पण त्याही आधीचा प्रश्न फॅक्ट टेबलची एक ओळ म्हणजे काय, हा आहे. राल्फ किम्बॉलने 1996च्या पुस्तकातून ही पद्धत लोकांपर्यंत नेली. त्याचा क्रम असा: आधी कामकाजातली प्रक्रिया निवडा, मग ओळीचा अर्थ ठरवा, मग डायमेन्शन आणि शेवटी आकडे. या दुसऱ्या पायरीला तो ग्रेन म्हणतो. ही पायरी गाळली की पुढचे सगळे वरवर ठीक दिसते आणि बेरजा चुकतात.

हिशेबनीस:
याच धाग्यात विचारतो, कारण माझे दुखणे हेच असावे. आमच्या अहवालात विक्रीची रक्कम खातेवहीशी तंतोतंत जुळते, पण पोचवणावळ दरवेळी जास्तच येते. कधी दुप्पट, कधी तिप्पट. एका ऑर्डरचे उदाहरण देतो. तीन वस्तू, 500, 300 आणि 200 रुपयांच्या. पोचवणावळ संपूर्ण ऑर्डरला 90. अहवालात ती 270 दिसते.

रकानेओळी:
सोपे आहे, `SUM(DISTINCT delivery_charge)` करा. एकदाच धरले जाईल.

गोदामपाल:
त्या एका ऑर्डरपुरते उत्तर बरोबर येईल. पण दोन वेगळ्या ऑर्डरींची पोचवणावळ 90-90 असेल, तर 180च्या जागी 90च मिळतील, कारण डेटाबेसला फक्त आकडा वेगळा आहे की नाही एवढेच कळते. ठरावीक दराने पोचवणावळ लावत असाल तर आता बेरीज जास्त येते तशी मग खूपच कमी येईल. हे जास्त वाईट, कारण छोट्या नमुन्यावर तपासताना सगळे जुळलेले दिसते.

हिशेबनीस, तुमच्या टेबलची ओळ म्हणजे ‘ऑर्डरमधली एक वस्तू’. पोचवणावळ मात्र अख्ख्या ऑर्डरची आहे, आणि भरताना ती प्रत्येक ओळीवर उतरली. खात्री करायची तर हे चालवून बघा:

```sql
SELECT order_no,
       COUNT(*) AS line_count,
       SUM(delivery_charge) AS total_charge
FROM fact_sales
GROUP BY order_no;
```

एका वस्तूच्या ऑर्डरी मूळ बिलाशी जुळतील आणि तीन वस्तूंच्या बरोबर तिप्पट निघतील. फुगवटा ओळींच्या संख्येइतकाच असेल तर दुसरे कारण शोधायला नको.

दुरुस्तीच्या वाटा दोन. एक म्हणजे ऑर्डरमागे एक ओळ असलेले वेगळे फॅक्ट टेबल करून पोचवणावळ तिकडे ठेवायची. तारीख आणि ग्राहक हीच डायमेन्शन दोन्हींना जोडायची. बेरीज बरोबर येते, पण ‘या वस्तूवर पोचवणावळ किती गेली’ याचे उत्तर मिळत नाही. दुसरी, 90 तीन ओळींत वाटायचे. किमतीच्या प्रमाणात वाटले तर 45, 27 आणि 18. मग वस्तू, गट, महिना, कशावरूनही बेरीज घ्या, एकूण 90च राहतात. भाग पूर्ण जात नसेल तर उरलेले पैसे शेवटच्या ओळीत घाला, नाहीतर महिन्याअखेर खातेवहीशी थोडी तफावत पडेल.

मूळधातू:
या ग्रेनला मग ‘कण’ म्हणू या. डेटा किती बारीक दळला आहे, तेच तर सांगायचे आहे.

गोदामपाल:
बारीक-जाडेपणा हा अर्थाचा अर्धाच भाग झाला. ‘कण’ म्हटल्यावर माणूस बारीक असले म्हणजे पुरे असे समजतो. वरच्या टेबलात ओळी पुरेशा बारीकच होत्या, बिघडले ते एका टेबलात दोन पातळ्यांचे आकडे आल्याने. मला ‘ओळीचा अर्थ’ हेच पुरते.

मूळधातू:
‘ओळीचा अर्थ’ हे स्पष्टीकरण झाले, संज्ञा नव्हे.

शब्दवेडी:
मला मात्र ते आवडले. तूर्तास ‘डायमेन्शन’ तसेच ठेवते आणि ‘परिमाण’ काढते. त्या शब्दानेच दोघांना नग तिकडे टाकायला लावले. फॅक्टसाठी ‘व्यवहारनोंद’ कसे वाटते?

गोदामपाल:
विक्रीला चालेल. पण दर महिन्याअखेरच्या शिल्लक साठ्याचेही फॅक्ट टेबल असते, तिथे व्यवहार झालेलाच नसतो. शिवाय ती शिल्लक एका महिन्यात सगळ्या वस्तूंची मिळून बेरजेला येते, पण बारा महिन्यांची बेरीज केली तर निरर्थक आकडा येतो. शब्द निवडताना हे टेबलही समोर ठेवा.

हिशेबनीस:
क्वेरी चालवली, फुगवटा ओळींइतकाच निघाला. पण किमतीच्या प्रमाणात वाटणी आमच्याकडे पटणार नाही. 200 रुपयांची वस्तू सर्वांत जड आहे, गाडीभाडे मुख्यतः तिच्यामुळे लागते.

गोदामपाल:
मग वजनाच्या प्रमाणात वाटा. वस्तूच्या डायमेन्शनमध्ये वजन असेल तर तेवढेच पुरते, फक्त ते सगळ्या वस्तूंचे भरलेले आहे ना, ते बघा. कोणते प्रमाण धरायचे हे हिशेब पाहणाऱ्यांकडून लिहून घ्या आणि वाटणी डेटा भरतानाच करा. प्रत्येकाने आपापल्या अहवालात केली तर आकडे पुन्हा वेगळे येतील.

रकानेओळी:
आणि तिनांतली एक वस्तू परत आली तर? तिच्या वाट्याची पोचवणावळ उणे करायची की तशीच ठेवायची?

हिशेबनीस:
पोचवणावळ आम्ही परत देत नाही, म्हणून ती ठेवावी असे मला वाटते. पण मग परत आलेल्या वस्तूच्या नावावर विक्री शून्य आणि पोचवणावळ उभी दिसेल. विक्री विभागाला ते नको आहे, हिशेब विभागाला तेच हवे आहे.