डिकीतून आरसी गेली: सोसायटीच्या ग्रुपवरची चर्चा

माने वहिनी (बी ३०२): नमस्कार सगळ्यांना. काल संध्याकाळी मुलांना घेऊन गड्ड्याच्या जत्रेला गेले होते. होम मैदानाच्या बाहेर स्कूटर लावली होती. परत येऊन बघते तर डिकी उचकटलेली. आतली छोटी पर्स गेली. पैसे हजार-बाराशेच होते, पण गाडीची आरसी त्यातच होती. गाडी ह्यांच्या नावावर आहे आणि हे पुण्याला. आरटीओत कुणाला विचारायचं?

शेख भाई (ए १०४): अरेरे. गाडी जागेवर होती ना वहिनी?

माने वहिनी: गाडी आहे हो, कुलूप तेवढं तुटलंय.

यन्नम (सी २०१): वहिनी, पोलिस स्टेशनला जाऊ नका. नेटवर "कागद हरवला" म्हणून टाकायचं, लगेच पावती निघते. माझ्या भावानं तसंच केलं की.

बिराजदार अण्णा (ए ००२): यन्नम, थांब जरा. तुझ्या भावाची आरसी खरंच हरवली होती. ह्यांची चोरीला गेलीय. दोन्हीला एकच पावती लावून चालत नाही.

यन्नम: शेवटी डुप्लिकेटच काढायची ना अण्णा? आरटीओला काय फरक पडतो?

बिराजदार अण्णा: पडतो. डुप्लिकेट आरसीचा अर्ज म्हणजे फॉर्म २६. त्यात आरसी कशी गेली ती हकीकत मालकानं लिहायची असते आणि कुठल्या पोलिस ठाण्याला कुठल्या तारखेला कळवलं तेही. हकीकत खरी असल्याचं तो खाली सही करून सांगतो. आता फॉर्मवर "डिकी फोडून चोरी" आणि पोलिसांच्या कागदावर "प्रवासात गहाळ" असं असेल तर टेबलावरचा माणूस विचारणारच, खरं काय? आणि दोन्हीकडं "गहाळ" लिहिलं तर ते खोटं. शिवाय मूळ कार्ड चोराच्या हातात आहे. त्यावर उद्या कुणी काही उद्योग केलाच तर चोरीची नोंद तुमच्या कामाला येईल, हरवल्याची नाही.

माने वहिनी: बरं. मग सकाळी जाऊन येते.

माने वहिनी: जाऊन आले. तिथले साहेब म्हणाले, माल पाच हजारांच्या आतला आहे, एफआयआर होणार नाही, एनसी घेतो. मी म्हटलं विचारून सांगते. टाळतायत का काय?

बिराजदार अण्णा: ह्यात टाळाटाळ असेलच असं नाही. १ जुलै २०२४ पासून नवीन कायदे लागू झाले. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ मध्ये पाच हजारांपेक्षा कमी किमतीची चोरी, पहिलाच गुन्हा आणि माल परत केला, तर शिक्षा समाजसेवेची. तो प्रकार अदखलपात्रात टाकलाय, म्हणून ते एनसी म्हणतात. एफआयआरसाठी भांडत बसू नका. आपल्याला लागतो तो नोंद क्रमांक, तारीख आणि शिक्का असलेला पोलिसांचा कागद. फॉर्म २६ मध्ये पोलिसांना कळवल्याचं विचारलंय. पण त्या कागदात काय लिहिलंय ते घेण्याआधी तिथंच उभं राहून वाचा. बहुतेकांचं काम इथंच अडतं. "पर्स व कागदपत्रे चोरीस" एवढं लिहून देतात, त्यात ना गाडीचा नंबर, ना आरसीचा उल्लेख. तसला कागद आरटीओत परत येतो.

माने वहिनी: मग काय लिहून घेऊ? तुम्हीच सांगा.

बिराजदार अण्णा: आपणच अर्ज लिहून न्यायचा. असा:

"दि. ___ रोजी सायंकाळी ___ ते ___ वाजण्याच्या दरम्यान होम मैदान, सोलापूर येथे उभ्या केलेल्या माझ्या पतीच्या नावे नोंद असलेल्या दुचाकी क्र. एमएच १३ ___ ची डिकी अज्ञात व्यक्तीने तोडून त्यातील पर्स चोरून नेली. पर्समध्ये रोख रु. ___ व सदर वाहनाचे मूळ नोंदणी प्रमाणपत्र (आरसी स्मार्ट कार्ड) होते. वाहन आमच्या ताब्यात आहे. सदर प्रमाणपत्र कोणत्याही अधिकाऱ्याने जप्त केलेले नाही, तसेच कोणाकडे गहाण ठेवलेले नाही."

शेवटची दोन वाक्यं मुद्दाम घातलीत. गाडी पकडली, आरसी पोलिसांनी जमा करून घेतली आणि मालक "हरवली" म्हणून दुसरी काढायला आला, किंवा आरसी सावकाराकडं ठेवून दुसरी मागतोय, असले प्रकार आरटीओला रोजचे आहेत. म्हणून संशय तिथूनच सुरू होतो. प्रतिज्ञापत्र मागितलं तर त्यातही हाच मजकूर, शब्दाला शब्द.

शेख भाई: अण्णा रिटायर झाले तरी टेबल सुटलेलं नाही 😄

बिराजदार अण्णा: तीस वर्षं दुसरं काय केलं?

माने वहिनी: तक्रार मी दिली तर चालेल ना? गाडी ह्यांच्या नावावर आहे.

बिराजदार अण्णा: चोरी तुमच्यासमोर उघड झाली, तक्रार तुम्हीच द्यायची. पण फॉर्म २६ वर सही नोंदणीकृत मालकाचीच. तुम्ही त्यांच्या नावानं सही ओढू नका, आरटीओच्या रेकॉर्डला त्यांची सही असते.

सेक्रेटरी (बी १०१): एजंटला देऊन टाका की वहिनी. आमच्या ऑफिसातल्या एकानं अडीच हजार दिले, काही बघावं लागलं नाही.

बिराजदार अण्णा: सेक्रेटरी साहेब, हिशोब सांगतो. दुचाकीची नोंदणी फी ३०० रुपये. डुप्लिकेटला तिच्या निम्मी, म्हणजे १५०. स्मार्ट कार्डाचे २००. म्हणजे ३५० आणि वर टपाल वगैरे जे काय पोर्टल दाखवेल ते. बाकीचे पैसे कशाचे ते एजंटलाच विचारा. कारला नोंदणी ६००, म्हणून डुप्लिकेटला ३०० आणि कार्ड वेगळं.

माने वहिनी: हे पुण्यातूनच ऑनलाइन भरतो म्हणाले. parivahan.gov.in वर गेले, गाडीचा नंबर टाकला, चेसिस नंबरचे शेवटचे पाच आकडे मागतंय. आरसीच गेली तर चेसिस नंबर कुठून आणू?

यन्नम: विम्याच्या पॉलिसीवर असतो वहिनी. चेसिस पण, इंजिन पण.

बिराजदार अण्णा: शाब्बास. आणि पॉलिसीची मुदत संपलेली नाही ना तेही बघून घ्या. विमा आणि पीयूसी दोन्ही चालू हवेत.

माने वहिनी: पॉलिसी मिळाली, चालू आहे. पीयूसी उद्या काढते. पण आता ओटीपी जातोय ह्यांच्या जुन्या नंबरवर. तो नंबर बंद होऊन दोन वर्षं झाली.

बिराजदार अण्णा: मग डुप्लिकेटचं राहू दे, आधी त्याच पोर्टलवर मोबाईल नंबर बदलून घ्या. त्याला नोंदणीची तारीख, चेसिस आणि इंजिन नंबर लागतो. तारीख गाडी घेतली तेव्हाच्या टॅक्सच्या पावतीवर सापडेल. आता दुसरं सांगतो. आधारवर फेसलेस अर्ज करायचा असेल तर आधारवरचं नाव आणि आरसीवरचं नाव जुळावं लागतं. शोरूमवाले फॉर्म भरताना नुसतं "एस. बी. माने" टाकून मोकळे होतात आणि आधारवर पूर्ण नाव. तसं असेल तर आधारचा पर्याय सोडा, साधा अर्ज भरा, फी भरा, प्रिंट काढा आणि कागद घेऊन आरटीओत जा. विजापूर रोडपर्यंत एक खेप पडेल, पण काम होतं.

माने वहिनी: अगदी तसंच आहे अण्णा, आरसीवर आद्याक्षरंच होती. आणि इथं अजून एक दिसतंय. बँकेचं नाव. कर्ज तर दिवाळीतच फिटलं आमचं!

बिराजदार अण्णा: हप्ते फिटले की बँकेच्या लेखी कर्ज संपतं. आरटीओच्या नोंदीतला बोजा आपोआप निघत नाही. तो काढायला फॉर्म ३५ लागतो, त्यावर बँकेची आणि मालकाची, दोघांची सही. आणि बोजा नोंदीला असेपर्यंत फॉर्म २६ वर सुद्धा बँकेची संमती लागते, फॉर्म दोन प्रतीत द्यावा लागतो, एक प्रत बँकेला जाते. "कर्ज फिटलंय, मग बँकेकडं कशाला" असं म्हणून उपयोग नाही, कारण टेबलावरच्या माणसाला स्क्रीनवर बोजाच दिसतो.

माने वहिनी: मग आधी कुठलं करायचं?

बिराजदार अण्णा: बँकेत एकदाच जा. एनओसी, सहीशिक्क्याचे फॉर्म ३५ आणि फॉर्म २६ वरची संमती, तिन्ही एकाच खेपेत आणा. एनओसी तुमच्याकडं असली तरी तिची तारीख बघा, फार जुनी असेल तर नवीन मागून घ्या. मग डुप्लिकेटच्या वेळीच बोजा उतरवायचंही आरटीओत सांगा. नुसती डुप्लिकेट काढली तर नव्या कार्डावर पुन्हा बँकेचं नाव छापून येईल आणि ते काढायला परत कार्डाचे पैसे, परत फेरी. गाडी विकायला काढाल तेव्हा हे आठवेल.

कुलकर्णी काकू (सी ३०१): अगं, आणि कार्ड पोस्टानं येतं ना? तुमचा आरसीवरचा पत्ता ह्या सोसायटीचा आहे का? तुम्ही आधी जुळे सोलापुरात भाड्यानं होता.

माने वहिनी: काकू, जुनाच आहे 🙈

बिराजदार अण्णा: काकूंनी बरोबर धरलं. कार्ड जुन्या पत्त्यावर जाईल, तिथं कुणी घेणार नाही, परत फिरेल. पत्ताबदल फॉर्म ३३ वर होतो, तेही ह्याच वेळी घ्या. खरं तर पत्ता बदलला की ३० दिवसांत कळवायचं असतं. आणि चलनं बघून घ्या. ई-चलन थकलं असेल तर आधी भरा.

माने वहिनी: चलन एक आहे, हेल्मेटचं. ह्यांचं.

सेक्रेटरी: 😂

शेख भाई: वहिनी, तोपर्यंत गाडी चालवताना कुणी अडवलं तर?

बिराजदार अण्णा: डिजिलॉकर किंवा एमपरिवहन ॲपमधली आरसी दाखवायची. २०१८ पासून नियम १३९ मध्ये इलेक्ट्रॉनिक कागद चालतात असं घातलंय. मात्र ॲप उघडून दाखवायचं. गॅलरीतला आरसीचा फोटो किंवा व्हॉट्सॲपवर आलेली पीडीएफ म्हणजे आरसी नाही, ती घेऊन हुज्जत घालू नका. डिजिलॉकरला पण आधारच्या नावाचा घोळ होतो, तुमचा होणारच. एमपरिवहनमध्ये इंजिन आणि चेसिस नंबरचे शेवटचे आकडे टाकून बघा. सोबत पोलिसांच्या कागदाची झेरॉक्स डिकीत ठेवा. मूळ कागद घरात.

यन्नम: डिकीत? 😀

बिराजदार अण्णा: झेरॉक्स म्हणालो मी.

माने वहिनी: पोलिसांचा कागद मिळाला. गाडीचा नंबर आणि "मूळ नोंदणी प्रमाणपत्र" दोन्ही लिहून घेतलं. पहिल्यांदा नंबरातला एक आकडा चुकला होता, तिथंच दुरुस्त करून शिक्का मारून घेतला. हे शनिवारी येतायत, सह्या तेव्हा. बँकेत सोमवारी जाऊ.

बिराजदार अण्णा: झकास. आकडा चुकलेला कागद आरटीओत गेला असता तर सगळी वरात परत ठाण्यात. जाताना चेसिस नंबरची पेन्सिल छाप पण काढून न्या, मागितली तर हाताशी असावी. नंबरावर पांढरा कागद ठेवायचा आणि पेन्सिल आडवी घासायची, पोरंसुद्धा करतील.

कुलकर्णी काकू: अण्णा, आमच्या ह्यांच्या २००७ च्या मोटरसायकलचं आरसी बुक भिजून लगदा झालंय. त्याला पण पोलिसांकडं जायचं का?

बिराजदार अण्णा: नाही काकू. भिजलेलं, फाटलेलं असेल तर उरलेला कागदच फॉर्म २६ ला जोडायचा, पोलिसांचं काम नाही. पण २००७ ची गाडी म्हणजे १५ वर्षं होऊन गेली. नोंदणीचं नूतनीकरण झालंय का?

कुलकर्णी काकू: ते काय असतं?

बिराजदार अण्णा: मग आधी फॉर्म २५. गाडी तपासणीला न्यावी लागेल. चालू होते का ती?

कुलकर्णी काकू: ह्यांना विचारते. तीन वर्षं पार्किंगात कव्हर घालून आहे.

सेक्रेटरी: काकू, त्या कव्हरबद्दल मीटिंगमध्ये बोलायचंच होतं.